यमाजीपंतांची कचेरी

पाटोद्यातल्या माझ्या लहानपणी यम रेड्यावरून फार कमी वेळा आला. बहुतेकदा तो बगलेत दप्तर मारून यायचा. रेडा, गदा, काळंकभिन्न शरीर हे सगळं जत्रेतल्या चित्रांपुरतं. घरात त्याच्या गोष्टी निघायच्या त्या आबांच्या तोंडून, आणि आबा होते अर्जनवीस. त्यांच्या गोष्टीतल्या यमाला शिक्का असे, चपराशी असे, वरून आलेला हुकूम असे. कधी कधी तर तो बिचारा दमलेलाही असे.

तालुक्याचं गाव म्हटलं की त्याचं काळीज कचेरीत असतं. बालाघाटाच्या डोंगरातली गावं आठवडी बाजाराला खाली उतरायची; बाजार निम्मा व्हायचा आणि निम्मी कामं कचेरीतली असायची. लिंबाच्या सावलीत आबांचं उतरत्या झाकणाचं लाकडी डेस्क. त्यात टाक, दौत, कार्बनचे कागद, अंगठ्यासाठी शाईची गादी आणि वेगळ्या डबीत कोर्ट फीची तिकिटं. निजामाच्या राज्यात कचेरीचा कारभार उर्दूतून चाले, म्हणून आबा तरुणपणी उर्दूत अर्ज लिहीत. १९४८ नंतर राज्य बदललं, लिपी बदलली, पण ‘अर्जदार विनंती करतो की’ या थाटाचा कणा तोच राहिला. मी सांगतोय तो काळ १९७२च्या दुष्काळाच्या आगेमागेचा.

आबांकडे येणाऱ्या कामांत मरणाशी संबंधित काम बरंच असे. बाप गेला की पोरं दहाव्या-तेराव्यानंतर वारसाच्या नोंदीसाठी यायची. आबा त्यांना समजावत की माणूस गेला म्हणून सातबाऱ्यावरून आपोआप जात नाही. वारसांनी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवायचं, तलाठी फेरफार धरणार, संबंधितांना नोटिसा काढणार, हरकतीची मुदत जाणार आणि मग वरचा अधिकारी नोंद मंजूर करणार. पोरं हे करायची नाहीत. मग वीस वर्षांपूर्वी गेलेला म्हातारा कागदावर जमिनीचा मालक म्हणून सुखात नांदत असे, आणि नातवाला विहिरीसाठी कर्ज हवं झालं की सगळ्यांना त्याच्या मरणाची घाई होई. “यमानं नेला तरी तलाठ्यानं नेला नाही, तवर माणूस मेला असं समजू नये,” असं आबा म्हणत. ऐकणाऱ्याला वाटे, ते कचेरीची थट्टा करताहेत. मला पुढे कळलं, ते यमाचंही वर्णन करत होते. त्यांच्या लेखी यम हा हुकूम बजावणारा होता. हुकूम देणारा कुणी वेगळाच.

ही समजूत त्यांनी पदरची काढली नव्हती. यम मुळात न्यायाधीशही नव्हता. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात तो भेटतो तो मरणाऱ्यांतला पहिला माणूस म्हणून. तो आधी गेला, त्यानं वाट शोधली, आणि मागून येणाऱ्यांना ती दाखवायला तिथंच थांबला. चार डोळ्यांची दोन कुत्री त्या वाटेची राखण करतात. पितर तिथं त्याच्यासोबत आनंदात असतात. तेलाच्या कढया, करवती, तापलेले खांब यांचा तिथं मागमूस नाही. वाटाड्याचा न्यायाधीश झाला तो फार नंतर, आणि त्या न्यायाधीशाशी आमची ओळख झाली ती गरुडपुराणानं.

गल्लीत कुणी गेलं की त्या घरी दहा दिवस गरुडपुराण लागे. आम्हा पोरांना तिकडं फिरकू देत नसत, म्हणून आम्ही खिडकीखाली बसून ऐकायचो. यमपुरीचा रस्ता 86,000 योजनं लांब. वाटेत सोळा नगरं. प्रेत रोज 247 योजनं चालतं आणि त्याला पोचायला 348 दिवस लागतात. त्या त्या मासिक श्राद्धाचा पिंड त्याला वाटेतल्या नगरात मिळतो. हे आकडे ऐकून मी आबांकडे गेलो, तर त्यांनी कार्बनच्या कागदाच्या पाठीवर गुणाकार मांडला. 247 गुणिले 348 म्हणजे 85,956. उरली चव्वेचाळीस योजनं. “बघ,” ते खुशीत म्हणाले, “पुराण लिहिणारा हिशेबाचा पक्का होता. चव्वेचाळीसची तूट त्यानं प्रवासात मुजरा दिली.” नरकाची भीती घालवायला यापेक्षा चांगला उपाय मी अजून पाहिलेला नाही.

वैतरणी नदीची भीती तर आमच्या भागात बसणंच अवघड होतं. मांजरेचा उगम आमच्याच तालुक्यातला, पण उगमाजवळच्या नदीला पाणी ते किती! उन्हाळ्यात पात्रातून गुरं हाकत नेता यायची. पुराणिक रक्ता-पुवानं दुथडी भरलेल्या वैतरणीचं वर्णन करायचे, तेव्हा शेजारची एक म्हातारी म्हणाली होती, “बारमाही हाय म्हना की.”

न्यायाधीश यमाचा दरारा मात्र खरा होता. जत्रेत एक मोठं छापील चित्र टांगलेलं असे. मध्ये यमधर्म, शेजारी वही उघडून चित्रगुप्त, आणि भोवती चौकटीचौकटीत गुन्हा आणि त्याची शिक्षा. खोटं माप देणारा, जनावराला मारणारा, सासूला छळणारी. माझं लक्ष नेहमी चित्रगुप्ताकडे जाई. यम समोर बघत असे, चित्रगुप्त वहीत बघत असे. आबाही तसेच, बोलणाऱ्याकडे न बघता कागदाकडे बघत लिहायचे.

या न्यायाधीशाला कुणी जाब विचारू शकतो का, असं मी एकदा विचारलं. तेव्हा आबांनी मांडव्याची गोष्ट सांगितली. महाभारताच्या आदिपर्वातली आहे. मांडव्य ऋषी मौन धरून तप करत असताना चोरांनी त्याच्या आश्रमात लुटीचा माल लपवला. राजाच्या शिपायांनी विचारलं, हा बोलेना. राजानं त्याला सुळावर चढवलं. सुळावरही तो मेला नाही. राजाला चूक कळली, त्यानं त्याला उतरवलं, पण सुळाचं टोक अंगातच राहिलं. मांडव्य थेट धर्माच्या, म्हणजे यमाच्या, दरबारात गेला आणि विचारलं, माझा गुन्हा सांग. यम म्हणाला, लहानपणी तू किड्यांच्या शेपटीत गवताची काडी खुपसली होतीस. मांडव्य भडकला. एवढ्याशा अपराधाला एवढी शिक्षा? त्यानं दोन गोष्टी केल्या. यमाला शाप दिला की तू दासीच्या पोटी जन्म घेशील, आणि तो विदुर झाला. दुसरं म्हणजे त्यानं नियमच घालून दिला: चौदाव्या वर्षापर्यंत केलेलं पाप, पाप म्हणून धरलं जाणार नाही.

ही गोष्ट ऐकून मला जो आनंद झाला तो सांगता येणार नाही. चतुराच्या शेपटीला दोरा बांधून उडवण्यात त्या पावसाळ्यात माझा मोठा हात होता. चौदा पुरे व्हायला मला अजून बराच अवकाश होता. आबांना मात्र गोष्टीतलं दुसरंच काही आवडे. न्यायाधीश चुकला की त्याच्यावर अपील चालतं, हे त्यांना आवडे. शापापेक्षा तो नियम त्यांना मोठा वाटे, कारण शाप एकट्या यमाला लागला आणि नियम सगळ्या लेकरांना.

पण त्यांची सगळ्यात लाडकी गोष्ट होती ती अनुशासनपर्वातली, शर्मी नावाच्या ब्राह्मणाची. ती फार कुणी सांगत नाही. गंगा-यमुनेच्या मधल्या प्रदेशात, यामुन पर्वताच्या पायथ्याशी पर्णशाला नावाचं गाव होतं. यमानं एका दूताला बोलावलं. दूताचं वर्णन मोठं झकास आहे: काळे कपडे, लाल डोळे, उभे केस, आणि पाय, डोळे, नाक कावळ्यासारखे. यम म्हणाला, पर्णशालेत जा, अगस्त्य गोत्राचा शर्मी नावाचा विद्वान आहे, त्याला आण. पण सांभाळ, त्याच गावात, त्याच गोत्राचा, तशाच गुणांचा दुसरा एक आहे, त्याला आणू नकोस. एवढं बजावूनही दूतानं आणला तो नेमका ज्याला आणू नको म्हटलं होतं तोच.

इथं आबा थांबत आणि हसत. कारण हा प्रकार त्यांच्या रोजच्या पाहण्यातला होता. एका गावात एकाच नावाची, एकाच आडनावाची तीन-तीन माणसं. कुठल्या तरी कचेरीची नोटीस निघायची एकाच्या नावानं आणि चिकटायची दुसऱ्याच्या दारावर. तो दुसरा बिचारा भाकरी बांधून तालुक्याला यायचा आणि आबांपुढे बसून ‘मी तो नव्हेच’ असा अर्ज लिहून घ्यायचा. अर्जात आबा बापाचं नाव, गावाचं नाव, शेताचा गट आणि चतुःसीमा असं सगळं घालत, म्हणजे पुन्हा गफलत नको. यमानंही नाव, गोत्र, गाव, गावाची चतुःसीमा सगळं सांगितलं होतं. तरी चूक झालीच.

मग यमानं काय केलं? दूतावर ओरडला नाही. आणलेल्या शर्मीला पाहून तो आसनावरून उठला, त्याचा सत्कार केला आणि म्हणाला, याला घरी पोचवा, दुसऱ्याला आणा. शर्मी मात्र वैतागला होता. तो म्हणाला, आता आलोच आहे तर माझा उरलेला काळ इथंच राहू द्या. यमाचं उत्तर ऐकण्यासारखं आहे. तो म्हणतो, काळानं कुणाला किती दिवस नेमून दिले आहेत ते मला ठरवता येत नाही. मुदतीच्या आधी मी कुणाला ठेवून घेऊ शकत नाही. कोण काय करतो त्याची दखल मी घेतो, तेवढंच माझं काम.

ज्याच्या भीतीनं तिन्ही लोक थरथरतात, तो स्वतःच सांगतो की माझ्या हातात काही नाही! न्यायाधीशापाशी थोडी तरी मर्जी असते. शिक्षा कमी-जास्त करण्याची मोकळीक असते. अधिकाऱ्याच्या हाती फक्त हुकूम आणि मुदत. मुदतीनंतर एक दिवस वाढवता येत नाही, तसाच मुदतीच्या आधी एक दिवस कमीही करता येत नाही. या बंधनामुळेच यम इथं सौजन्यानं वागू शकतो. चूक झाली तर ती कबूल करून माणसाला परत पाठवतो.

रिकाम्या हातानं पाठवायचं नाही म्हणून त्यानं शर्मीला उपदेशही केला: तीळ द्यावेत, दिवे लावावेत, तहानलेल्याला पाणी द्यावं. दूतानं त्याला घरी सोडलं आणि दुसऱ्या, खऱ्या शर्मीला आणलं. गंमत पुढे आहे. त्या दुसऱ्याचाही यमानं सत्कार केला, त्यालाही हाच उपदेश केला आणि त्यालाही घरी पाठवून दिलं. “पेशी झाली, दोघंबी घरी,” म्हणत आबा टाक पुसून ठेवायचे. “एवढा खटाटोप कशाला केला मग?” असं मी विचारलं की आजी आतून म्हणायची, “दिवा लावा म्हणून सांगायला. सरळ सांगितलं असतं तर ऐकलं असतं का कुनी?”

आजीला स्वतःला याच पर्वाची पहिली गोष्ट आवडे, गौतमीची. गौतमी ही म्हातारी, तिचा मुलगा साप चावून मेला. अर्जुनक नावाच्या पारध्यानं तो साप दोरीत बांधून आणला आणि विचारलं, याला जाळू की तुकडे करू? गौतमी म्हणाली, सोडून दे, याला मारून माझा मुलगा उठणार नाही. पारधी ऐकेना. तेव्हा साप म्हणाला, मी चावलो, पण स्वतःहून नाही. मृत्यूनं मला पाठवलं. तेवढ्यात मृत्यू स्वतः हजर झाला आणि म्हणाला, मी तरी कुठं मोकळा? काळानं मला पाठवलं. मग काळ आला आणि म्हणाला, साप नाही, मृत्यू नाही, मीही नाही. त्या मुलाच्या कर्मानं त्याला नेलं. एका टेबलावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, आणि शेवटी अर्जदाराच्याच पदरात. कचेरीत हेलपाटे घातलेल्या माणसाला ही गोष्ट विनोदी वाटते. आजीला ती तशी वाटत नसे. तिची दोन लेकरं लहानपणी गेली होती. सापाला सोडून देणारी गौतमी तिला कळत होती. बाकी तिघांचा वाद तिनं कधी मन लावून ऐकला असेल असं वाटत नाही.

या सगळ्या गोष्टी संस्कृतातून आलेल्या. पण यमाला आमच्या मुलखातली नोकरी दिली ती पैठणच्या एकनाथांनी. आमच्या तालुक्यात सप्ताहांची मोठी परंपरा. गहिनीनाथगडावर वामनभाऊंच्या पुण्यतिथीला माणसांचा पूर लोटे, आणि गावोगावच्या सप्ताहांत कीर्तनाच्या आधी-मधी भारुडं होत. तिथं मी नाथांचं ‘अर्जदस्त’ पहिल्यांदा ऐकलं. भारूड म्हणणारा फेटा सावरत, हातात कागद धरल्याचा आव आणून अर्ज वाचल्यासारखं म्हणत होता. पहिल्या दोन ओळींतच आबा सरसावून बसले. सलामी, पदव्या, परगण्याचं नाव, अर्जदाराचं नाव. सगळा मजकूर त्यांच्या धंद्यातला.

नाथांचा काळ सोळाव्या शतकातला; 1599 साली त्यांनी समाधी घेतली. पैठणवर तेव्हा अहमदनगरच्या निजामशाहीचा अंमल होता आणि दप्तरात फारसी शब्दांचा सुकाळ. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर अधिकारी होते. तरुण एकनाथ त्यांच्याकडे हिशेब बघत आणि एका पैची चूक शोधण्यासाठी त्यांनी रात्र जागून काढली, ही आख्यायिका आपण शाळेत वाचलेली असते. त्या दप्तराची भाषा त्यांनी पुढे अध्यात्माला जुंपली.

अर्जदस्तातला अर्जदार आहे जिवाजी शेकदार, म्हणजे आपला जीव. त्याचा कारकून बुधाजी, म्हणजे बुद्धी. परगण्याचं नाव शरीराबाद, किल्ल्याचं कायापुरी. सरकारचा हुकूम घेऊन जिवाजी कामावर रुजू होतो आणि पाहतो तर परगण्यातले जमेदार त्याला काम करू देत नाहीत. कोण हे जमेदार? दंभाजी, कामाजी, क्रोधाजी, मनीराम देशमुख आणि ममताई देशपांडीण. ते सरकारी कामात मोडता घालतात, आपलं परस्पर उरकून घेतात, रयतेला हैराण करतात. अशा बेबंदशाहीत वरून यमाजीपंतांची तलब येते. त्यांची माणसं येऊन परगण्याची जी दुर्दशा मांडतात, ती गावांच्या नावांनी मांडलेली आहे. कान, डोळे, दात, पाय या सगळ्यांची वाडी-वस्ती झालेली, आणि एकेक गाव ओस पडत चाललेलं.

रूपक म्हणून हे कुणालाही समजतं. पण त्याची खरी नस कळायची तर जुनी वसुलीची व्यवस्था डोळ्यांपुढे हवी, आणि ती आबांनी मला त्या रात्री घरी परतताना समजावली. शेकदार हा सरकारनं नेमलेला माणूस. तो आज आहे, उद्या बदलून जाईल. देशमुख-देशपांडे हे वतनदार. त्यांचं वतन पिढीजात, त्यांना गावातलं पान न् पान माहीत, आणि रयत त्यांच्या मुठीत. नवा शेकदार कितीही मोठा हुकूम घेऊन येवो, वतनदार त्याला जुमानत नाहीत, कारण शेकदार जाणार आणि ते राहणार हे दोघांनाही ठाऊक असतं. आता जिवाजीकडे बघा. या देहात जीव हा बदलीवर आलेला माणूस. मन, ममता, काम, क्रोध हे मात्र इथले वतनदार. जीवाला देहात पाहुण्यासारखं का वाटतं आणि विकार घरच्यासारखे का वावरतात, याचं इतकं नेमकं उत्तर मला दुसरीकडे मिळालेलं नाही. नाथांना ते सुचलं, कारण परगण्याचं दप्तर कसं चालतं ते त्यांनी जवळून पाहिलं होतं.

आणि यमाजीपंत? त्यांच्या नावाला ‘पंत’ जोडलं की धाक राहतो आणि भयानकपणा गळून पडतो. ते रेड्यावर बसून पाश फेकत नाहीत. तलब पाठवतात, माणसं पाठवतात, बाकी काढतात. पापपुण्याचा न्यायनिवाडा हा त्यांचा विषयच दिसत नाही. ते परगण्याची स्थिती पाहतात: हे गाव बंद पडलं, त्या गावाची लावणी मोडली. म्हातारपण म्हणजे शिक्षा नव्हे, वसुलीत पडत गेलेली तूट, असं हे चित्र आहे. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे हा अर्ज यमाजीपंतांना केलेलाच नाही. तो त्यांच्या वरच्या साहेबांना केलेला आहे. आबांच्या मते हा अर्जनवीसाचा पहिला धडा: ज्याच्या हातात हुकूम बदलणं नाही त्याच्याकडे अर्ज करून कागद वाया घालवू नये. नाथांनी अशा अर्जांबरोबर अभयपत्र, जाबचिठ्ठी, ताकीदपत्र अशीही भारुडं लिहिली आहेत. म्हणजे त्यांच्या दप्तरात अर्जही होता आणि त्याला उत्तरही होतं.

पुढे शिकायला बाहेर पडलो तेव्हा दिसलं, की हा दमलेला अधिकारी यम सगळीकडेच नोकरीला आहे. तंबूतल्या टॉकीजमध्ये ‘लोक परलोक’ पाहिला. 1977च्या तेलुगू ‘यमगोला’वरून 1979 साली काढलेला हिंदी सिनेमा. यमलोकात जाऊन तिथल्या कर्मचाऱ्यांना हक्काची भाषा शिकवणारा नायक पाहून सुट्टीला आलेली सगळी मित्रमंडळी शिट्ट्या मारत होती. हरिशंकर परसाईंची ‘भोलाराम का जीव’ ही कथा वाचली. त्यात भोलाराम मेला आहे, पण त्याचा जीव यमदूताच्या हातून निसटला आहे. धर्मराज आणि चित्रगुप्त हवालदिल. नारद पृथ्वीवर येऊन शोध घेतात, तर जीव सापडतो पेन्शनच्या फायलीत, अडकलेल्या अर्जांमध्ये. स्वर्गाला चल म्हटलं तरी तो यायला तयार नाही. यमाची कचेरी इथं माणसाच्या कचेरीपुढे हरली. पोर्तुगीज लेखक जुझे सारामागो यांची 2005ची एक कादंबरी आहे. तिच्यात एका देशात मरणं अचानक थांबतं. काही महिन्यांनी पुन्हा सुरू होतं तेव्हा मृत्यू ही बाई लोकांना जांभळ्या पाकिटातून आठवडाभर आधी नोटीस पाठवते, आणि एका वादकाची नोटीस पुन्हा पुन्हा परत येते. पत्ता बरोबर, माणूस बरोबर, तरी बजावणी होत नाही. वाचताना पर्णशालेची आठवण आल्यावाचून राहिली नाही.

मृत्यू ही बाई, हेही आपल्याकडे आहेच. शांतिपर्वात भीष्म सांगतात ती कथा. प्रजा वाढून पृथ्वीला भार झाला तेव्हा ब्रह्मदेवापासून एक स्त्री निर्माण झाली, लाल वस्त्रांची, काळ्या डोळ्यांची. ब्रह्मदेव म्हणाला, तू मृत्यू, जा आणि प्राण्यांना ने. ती रडू लागली. लहान लेकरं, तरणीताठी पोरं, आईबाप यांना मी कशी नेऊ, त्यांचे नातलग मला शाप देतील, असं म्हणून तिनं नेमणूकच नाकारली. मग वर्षानुवर्षं एका पायावर उभी राहून तिनं तप केलं, ते कशासाठी तर ही नोकरी नको म्हणून. ब्रह्मदेवानं ऐकलं नाही. तिचे अश्रू त्यानं ओंजळीत धरले होते; तो म्हणाला, हेच रोग होतील, माणसं त्यांनी मरतील, आणि तुझ्यावर दोष येणार नाही. ही गोष्ट मी मोठेपणी वाचली आणि आजीला सांगितली. तिनं एवढंच विचारलं, “मग रुजू झाली का ती?” झाली, म्हटलं. “होनारच. घरचं भागवायचं असंल,” असं म्हणून तिनं विषय संपवला.

दिवाळी जवळ आली की हे सगळं आमच्या घरात कामाला लागे. बाजारात सीताफळांच्या पाट्या, उसाला जाणाऱ्या टोळ्यांची बांधाबांध, बैलगाड्यांना वंगण. कारखान्यावर निघायच्या आत उचलीचा हिशेब, घराची राखण, मागे राहणाऱ्या म्हाताऱ्यांची सोय. आबांकडे कागद करून घेणाऱ्यांची रीघ लागे. धनत्रयोदशीला संध्याकाळी आजी कणकेचा दिवा करी आणि दाराबाहेर दक्षिणेकडे तोंड करून ठेवी. एरवी दक्षिणेला वात केली तर ती रागवायची. हा एकच दिवस यमाचा. अकाली मरण येऊ नये म्हणून हा दिवा. मुदतीनंतरचं मागणं त्यात नाही. मुदत भरू दे, एवढंच मागणं. शर्मीला मिळालेलं उत्तर ज्यांना ठाऊक आहे त्यांनीच घडवलेली रीत वाटते ती.

चतुर्दशीला अभ्यंगाच्या वेळी कारीट फोडून झालं की आबा दक्षिणेला तोंड करून यमतर्पण करत. यमाची चौदा नावं: यम, धर्मराज, मृत्यू, अंतक, वैवस्वत, काल अशी सुरुवात होऊन शेवटी चित्र आणि चित्रगुप्त. आणि भाऊबीज म्हणजे यमद्वितीया. कामाच्या रगाड्यात बहिणीकडे जायला ज्याला सवड नव्हती, तो यम त्या दिवशी यमुनेकडे जेवायला जातो. आमची आत्या ओवाळताना म्हणायची, “आज साहेबाची सुट्टी आहे, निवांत जेवा.”

एका दिवाळीत मी आबांना विचारलं होतं, चौदा नावांत शेवटचं नाव कारकुनाचं का? साहेबाबरोबर कारकुनालाही तेवढंच पाणी कशाला? त्यांनी ओंजळीतलं पाणी पुरतं सोडलं, पंच्यानं हात पुसले आणि म्हणाले, “तारीख साहेब देत नसतो. तारखेचं पुस्तक कुणाकडं असतं, ते बघून ठेवावं.” मग डेस्क उघडून टाक घेतला आणि दाराशी बसलेल्या टोळीच्या मुकादमाला आत बोलावलं.